हेमिप्लेजियाच्या केसमध्ये ‘एमसीए’च्या पुढे काय सांगायचं?

प्रश्न: लाँग केसला उजवी बाजू गेलेला पेशंट आला की मी ‘लेफ्ट एमसीए टेरिटरी’ म्हणतो. सर विचारतात, ‘एमसीएचा कुठला भाग?’ आणि तिथेच मी अडकतो. प्रत्येक आर्टरीची यादी पाठ आहे, पण पेशंटसमोर जुळवता येत नाही. सुरुवात कुठून करू? (एमडी मेडिसिन, दुसरं वर्ष, धुळे)

उत्तर: सुरुवात आर्टरीपासून करू नकोस. आधी चेहरा, हात आणि पाय यांत कोण किती गेलंय ते बघ. मग कॉर्टेक्सची खूण आहे का ते शोध. या दोन गोष्टी हातात आल्या की आर्टरीचं नाव बहुतेक वेळा आपोआप निघतं. माझ्या रेसिडेन्सीतली एक केस सांगतो. मी ती आधी चुकवली होती, म्हणून ती चांगली लक्षात आहे.

चोपडा तालुक्यातली पंचावन्नेक वर्षांची बाई, उजव्या हाताने काम करणारी. सकाळी कापूस वेचताना बोंडातला कापूस उजव्या हाताला येईना. बोटं नुसती बोंडावर घसरत होती. शेजारच्या ओळीतल्या बायकांनी हाक मारली तर तोंडातून शब्द फुटेना. पण बांधापर्यंत ती एका बाईचा खांदा धरून स्वतःच्या पायाने चालत गेली.

हे शेवटचं वाक्य नातेवाईक सहज बोलून गेले आणि मी ते लिहून घेतलं नाही. हात पार गेलाय आणि तरी बाई चालते आहे, म्हणजे निम्मं निदान तिथेच झालं होतं. हिस्टरी घेताना ‘लकवा केव्हा आला’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘त्यानंतर उभं राहता आलं का, गाडीत उचलून ठेवलं की चालत बसले’ हेही विचार.

तपासणीत उजव्या चेहऱ्याचा खालचा भाग लुळा होता, कपाळावर आठ्या मात्र दोन्हीकडे सारख्या पडत होत्या. उजव्या हाताच्या बोटांत पॉवर शून्य, खांद्याला दोन, पायाला पाचपैकी चार. उजवा प्लांटर एक्स्टेन्सर. पहिल्या दिवशी डोळे डावीकडे वळलेले होते, तिसऱ्या दिवशी सरळ झाले.

आता बोलणं. मी प्रमाण मराठीत प्रश्न विचारले, ती गप्प राहिली, आणि मी फाइलमध्ये लिहिलं, ‘स्पीच तपासता आलं नाही, भाषेची अडचण’. दुसऱ्या दिवशी आमच्या वॉर्डातल्या शिरपूरच्या सिस्टरने तिच्याशी अहिराणीत बोलायला सुरुवात केली. डोळे मीट म्हटलं तर मिटले, डावा हात वर कर म्हटलं तर केला. समज शाबूत होती. ‘माय, तुन्हं नाव काय शे?’ विचारल्यावर ओठ हलले, कपाळावर घाम आला, पण नाव निघालं नाही. मग सिस्टर म्हणाली, ‘मन्हा मांगे म्हन: आंडोर वावरमा गया.’ बाईने दोनदा प्रयत्न केला. ‘वावर… वावर…’ एवढंच आलं आणि ती रडायला लागली.

भाषेची अडचण नव्हती, तो ब्रोका अफेजिया होता: बोलणं तुटक, समज बरीचशी चांगली, पाठोपाठ म्हणता येत नाही. खानदेशात परीक्षा देतोयस, तर घरी अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणारा पेशंट समोर येणार हे धरूनच चाल. घरची भाषा बोलणारं कोणीतरी जवळ बसवल्याशिवाय अफेजिया ‘नाही’ असं लिहू नकोस. अफेजिया हीच कॉर्टेक्सची सगळ्यात मोठी खूण असते. ती निसटली की पुढचं सगळं लोकलायझेशन खोट्या पायावर उभं राहतं.

आता हे जुळवू. मोटर कॉर्टेक्सवर चेहरा आणि हात मेंदूच्या बाहेरच्या बाजूला असतात आणि पाय दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत. बाहेरच्या बाजूला रक्त देते मिडल सेरेब्रल, फटीत अँटीरिअर सेरेब्रल. चेहरा-हात जास्त आणि पाय कमी, म्हणजे बाहेरची बाजू. ब्रोका एरिया तिथेच, त्याच कॉर्टेक्सच्या पुढे. डोळे विरुद्ध बाजूला वळवणारं फ्रंटल आय फील्डही तिथेच जवळ. डावं केंद्र बंद पडलं की उजवं एकटं उरतं आणि ते डोळे डावीकडे ढकलतं, म्हणजे लिजनच्या बाजूला. या तिन्ही जागा एमसीएच्या वरच्या फांदीच्या, सुपीरिअर डिव्हिजनच्या आहेत. एमसीए सिल्व्हियन फिशरमध्ये शिरल्यावर साधारण दोन फांद्यांत फुटते. वरची फ्रंटल भागाकडे जाते, खालची टेम्पोरल आणि खालच्या परायटल भागाकडे. आमच्या बाईला कन्फ्रंटेशनने तपासलेलं व्हिजुअल फील्ड नॉर्मल होतं आणि समज चांगली होती, म्हणजे खालची फांदी वाचली होती.

सर ‘कुठला भाग’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच ऐकायचं असतं. यादी म्हणून दाखवण्याऐवजी याच बाईत एकेक गोष्ट बदलून बघ.

समजा पायही पाचपैकी शून्य आहे. आता दोन वाटा. अफेजिया, डोळे वळलेले, उजवीकडचं दिसत नाही, हे सगळं सोबत असेल तर एमसीएचं खोडच बंद आहे. खोडातून निघणाऱ्या लेंटिक्युलोस्ट्राएट फांद्या इंटर्नल कॅप्सूलला रक्त देतात, म्हणून कॉर्टेक्ससोबत खोलातला पायाचा रस्ताही जातो. अशा पेशंटमध्ये दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सूज वाढते. तेव्हा झोप वाढली की प्युपिल पुन्हा पुन्हा बघत राहायचं. पण भाषा शाबूत, फील्ड शाबूत, डोळे सरळ, संवेदना ठीक, आणि तरी चेहरा-हात-पाय तिन्ही सारखेच गेलेले असतील, तर गोष्ट वेगळी. कॅप्सूलच्या मागच्या भागात हे सगळे धागे दाटीने शेजारी-शेजारी जातात. तिथे दीड सेंटीमीटरपेक्षाही लहान इन्फार्क्ट तिघांना एकदम पाडतो. कॉर्टेक्सवर तेवढाच परिणाम व्हायला बराच मोठा भाग जावा लागतो, आणि एवढा मोठा भाग जाताना भाषा किंवा डोळे वाचत नाहीत. म्हणून ‘तिन्ही सारखे, बाकी काही नाही’ दिसलं की लॅक्युनर म्हण आणि कारण म्हणून ब्लडप्रेशर-शुगरकडे बघ.

कॅप्सूलच्याच मागच्या भागाला अँटीरिअर कोरॉइडलही रक्त देते. हेमिप्लेजियासोबत अर्ध्या अंगाची संवेदना आणि अर्धं फील्ड गेलं, पण भाषा चांगली राहिली, तर तिचं नाव घ्यायचं. तिन्ही एकत्र क्वचित दिसतात.

समजा उलटं आहे: पाय पार गेला, हात थोडाच, चेहरा ठीक. तर अँटीरिअर सेरेब्रल. असा पेशंट गप्प, निरुत्साही वाटतो, कपड्यात लघवी होते, तळहाताला काही लागलं की मूठ आवळली जाते. डाव्या बाजूचा असेल तर तोही कमी बोलेल, पण ‘आंडोर वावरमा गया’ हे पाठोपाठ नीट म्हणून दाखवेल. सिल्व्हियन फिशरच्या काठावरचं भाषेचं वर्तुळ शाबूत असल्याची ही खूण. म्हणून पाठोपाठ म्हणायला लावणं कधीच सोडू नकोस.

आणि समजा हातपाय चांगले आहेत, पण बाई भराभर बोलते आणि त्याचा अर्थ लागत नाही, सांगितलेलं कळत नाही, उजवीकडून आलेला माणूस दिसत नाही. ही खालची फांदी. नातेवाईक ‘डोकं फिरलं’ म्हणून आणतात. लकवा नसल्यामुळे कॅज्युअल्टीत तिला सायकियाट्रीकडे पाठवलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यात वेळ गेला. बोलणं अचानक बिघडलं असेल तर दोन्ही बाजूंना बोटं हलवून फील्ड तपास. दोन मिनिटांचं काम आहे.

ब्रेनस्टेमबद्दल दोनच गोष्टी सांगतो, तो वेगळ्या उत्तराचा विषय आहे. क्रेनियल नर्व्ह एका बाजूची आणि हातपाय दुसऱ्या बाजूचे गेले असतील तर एमसीए विसर. आणि डोळे लकव्याच्या बाजूकडे वळलेले असतील तर पॉन्सचा, म्हणजे बॅसिलरच्या फांद्यांचा विचार कर. आधी फिट आली होती का तेवढं विचारून घे, कारण फिट चालू असतानाही डोळे तसेच वळतात.

आता या पद्धतीच्या मर्यादा, कारण परीक्षक इथेच पकडतात. इन्फार्क्ट की ब्लीड हे बेडसाइडला ठरत नाही. बेसल गँगलियातला रक्तस्राव हुबेहूब कॅप्सूलसारखा दिसतो, म्हणून सीटी आधी. इस्केमिक स्ट्रोकच्या पहिल्या काही तासांत सीटी नॉर्मल दिसू शकतो, त्यावरून निदान मागे घ्यायचं नाही. शुगर कमी झालेला पेशंटही एका बाजूने लुळा पडतो, ग्लुकोमीटर सगळ्यात आधी. थॅलॅमस किंवा खोलातल्या मोठ्या इन्फार्क्टनेही कधी कधी अफेजिया येतो. आणि इंटर्नल कॅरोटिड बंद पडली तर चित्र एमसीएसारखंच दिसतं. त्यामुळे ‘आधी कधी एका डोळ्यापुढे काही मिनिटं पडदा आला होता का’ हे विचार आणि गळ्याला स्टेथोस्कोप लाव.

आमच्या बाईची नाडी पूर्ण अनियमित होती आणि एपेक्सला मिड-डायस्टॉलिक मर्मर होता. चढावर दम लागतो म्हणून ती चार-पाच वर्षं गोळ्या घेत होती, पण नाडीकडे कोणी बघितलं नव्हतं. म्हणजे ऱ्हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस, एट्रियल फिब्रिलेशन आणि डाव्या एट्रियममधून सुटलेली गाठ. एकच फांदी अचानक, काही मिनिटांत पूर्ण बंद होणं याला हे कारण चपखल बसतं.

परीक्षेत हे असं मांड: ‘डाव्या अर्धगोलात, कॉर्टेक्सच्या पातळीवर, फ्रंटल भागाच्या बाहेरच्या बाजूला लिजन आहे, कारण चेहरा आणि हात पायापेक्षा जास्त गेले आहेत आणि ब्रोका अफेजिया आहे. टेरिटरी लेफ्ट एमसीएची सुपीरिअर डिव्हिजन. खोड नाही, कारण पायात चार पॉवर आहे आणि फील्ड पूर्ण आहे. लॅक्युन नाही, कारण अफेजिया आहे. कारण बहुधा कार्डिओएम्बोलिक.’

यावर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, पाय एसीएचा आहे तर पॉवर चार का, पाच का नाही? कारण पायाचे धागे फटीतून निघून खाली कॅप्सूलकडे येताना हाताच्या धाग्यांजवळून कोरोना रेडिएटातून जातात, आणि इन्फार्क्ट किंवा त्याची सूज पांढऱ्या भागात उतरली की त्यांनाही धक्का बसतो. दुसरा, रक्त पातळ करायला काय देशील? मध्यम किंवा तीव्र मायट्रल स्टेनोसिस असेल तर वॉरफरिन किंवा असेनोकुमेरॉल, आयएनआर दोन ते तीनमध्ये ठेवून. नव्या गोळ्या इथे नाहीत. सुरू केव्हा करायचं ते इन्फार्क्ट किती मोठा आहे आणि त्यात रक्तस्राव झालाय का यावर ठरतं, म्हणून आधी पुन्हा सीटी. आमच्या बाईला दुसऱ्या सीटीनंतर असेनोकुमेरॉल सुरू केली, आणि आयएनआर कशासाठी तपासायचा ते सिस्टरने तिच्या मुलाला अहिराणीतच समजावून सांगितलं.