विंकेल म्हणजे कोनमापक? अहो, गुण्या!

प्रश्न: "चाकणला एका कंपनीत नवीन मशीन बसवायला जर्मन इंजिनिअर येणार आहेत, मी दुभाषी म्हणून जाणार आहे. ते 'विंकेल' म्हणतात त्याला मराठीत 'कोनमापक' म्हटलं तर चालेल का?"

नाही चालणार. कोनमापक म्हणजे कंपासपेटीतला अर्धगोल, 'डी' म्हणतो ना आपण, तो. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता दात शिवशिवतात. विंकेलचे अर्थ तीन: कोन, एल आकाराची पट्टी आणि काटकोन तपासायचं हत्यार. मशीनच्या जॉमेट्रीचं चेकिंग चालू असताना बहुतेक वेळा तिसरा. आणि त्या हत्याराला आपल्या सुतार-गवंड्यांकडे जुना, ठणठणीत शब्द आहे: गुण्या.

मी स्वतः आपटलोय म्हणून सांगतो. तीन अक्षी मशीन होतं, टेबलावर 300 मिमीचा ग्रॅनाइटचा गुण्या ठेवलेला, एक बाजू एक्सला जुळवून डायल शून्य केला, मग वाय सरकवला तर दुसऱ्या बाजूवर काटा मिमीचे 4 शतांश हलला. चेकशीटवर परवानगी 2 शतांशची. जर्मन साहेब म्हणाले विंकेल उलटा करा, मी घाईत बोललो "अँगल उलटा करा". पोरगा पाना घेऊन सरळ गार्डचे लोखंडी अँगल सोडवायला निघाला! त्याचं काय चुकलं? शॉपमधे अँगल म्हणजे एल सेक्शनच. शेवटी एक जुने फिटर म्हणाले, "गुण्या पालथा घाला म्हणा की राव." पालथा, यापेक्षा नेमका शब्द नाही, कारण 'उलटा' म्हटलं की कोणी तोंड फिरवतं, कोणी डोक्यावर उभा करतं.

पालथा का घालायचा? गुण्या स्वतःच चुकीचा असला तर ती चूक पालथा घातल्यावर विरुद्ध बाजूला जाते, मशीनची चूक मात्र आहे तिथेच राहते. पालथा घातल्यावर काटा त्याच दिशेला 2 शतांश गेला. म्हणजे 4 आणि 2 ची सरासरी 3 ही मशीनची चूक, आणि फरकाचं अर्ध म्हणजे 1 ही गुण्याची. मशीन तरीही नापास, पण कमी नापास. जर्मन लोक या पालथं घालून मोजण्याला 'उमश्लाग' म्हणतात, डिक्शनरी उघडायला जाल तर पहिला अर्थ पाकीट सापडेल, तोवर साहेब पुढच्या अक्षावर गेलेले असतील. आणि ते शतांशात बोलतात, आपली पोरं मायक्रॉनमधे, तेव्हा तोंडातल्या तोंडात दहाने गुणत चला. आकड्यांना मात्र घाबरू नका, जर्मन बावीस म्हणजे "दोन-आणि-वीस", अगदी आपल्यासारखंच आधी दोन मग वीस, इंग्रजीवाले तिथे अडखळतात.

बरं, आता खरी गंमत. गुण्याचा 'गुण'शी काडीचा संबंध नाही. काही विद्वान संस्कृत गुण म्हणजे दोरी, दोरीने गवंडी रेषा आखतो, म्हणून गुण्या असं छातीठोक सांगतात. दोरीने काटकोन तपासून दाखवा बघू एकदा! (3-4-5 च्या गाठी मारून येतो, माहितेय, पण त्याला कोणी गुण्या म्हणत नाही.) फारसीत या हत्याराला 'गूनिया'च म्हणतात आणि तो आला ग्रीक 'गोनिया'वरून, म्हणजे कोपरा, कोन. हिंदीतही गुनियाच. डायागोनलमधला गोन तोच. आपल्या ज्योतिषातला 'त्रिकोण'ही ग्रीक 'त्रिगोनोन'वरून आला असं मानतात, 'केंद्र' तर नक्कीच ग्रीक 'केंत्रोन'. म्हणजे एकच शब्द एकदा ज्योतिषाच्या पोथीतून आला आणि एकदा गवंड्याच्या पिशवीतून. माझं तर मत आहे की साधा 'कोण'सुद्धा त्याच वाटेने आला असावा, द्राविडी मूळ सांगणारे रागावतील, रागवू देत.

आणि अजून एक. ग्रीक गोनिया हा 'गोनू'चा, म्हणजे गुडघ्याचा, नातेवाईक. गोनूचा संस्कृत भाऊ 'जानु', आजानुबाहूतला. जर्मन भाऊ 'क्नी'. म्हणजे तो साहेब वाकून स्वतःचा क्नी टेकून बघत होता तो गुण्या, आणि दोघांचं कूळ एकच, हे मला त्या दिवशी घरी येताना बसमधे सुचलं आणि मी एकटाच हसलो.

'काटकोनिका' वगैरे कोणी सुचवत असेल तर सोडा, तो शब्द पोराला कळेपर्यंत चहा होईल. "गुण्यात आहे का?" एवढं म्हणा, सगळे मान हलवतात. फक्त विंकेल ऐकलं की आधी साहेबांचा हात कुठे आहे ते बघा, पट्टीवर असला तर अँगल, टेबलावर असला तर गुण्या.