आकाशातला तोच काळा ठिपका सगळ्या फोटोंतून काढायचा कसा?

प्रश्न: ट्रिपच्या सगळ्या फोटोंत आकाशात एकाच जागी धुरकट ठिपके दिसतायत, प्रत्येक फोटो वेगळा साफ करावा लागेल का?

नाही, एकच फोटो नीट साफ करायचा आणि तीच दुरुस्ती Sync करून बाकीच्यांना लावायची. जागा तीच आहे म्हणजे धूळ सेन्सरवर आहे, लेन्सवरची धूळ एवढी स्पष्ट उमटत नाही. मी राजगडावरचे १४० फोटो लाइटरूम क्लासिकमध्ये असेच केले. आधी मोकळं आकाश असलेला एफ/१६चा फोटो घेतला, कारण अ‍ॅपर्चर जितकं बारीक तितके ठिपके ठळक दिसतात, एफ/२.८ला तेच जवळजवळ गायब होतात. मग Q दाबून Heal घ्यायचं आणि Visualize Spots चालू करायचं, फोटो काळापांढरा होतो, स्लायडर हळूहळू सरकवला की ठिपके छोट्या गोल रिंगसारखे उठून दिसतात, प्रत्येकावर त्याच्यापेक्षा किंचित मोठ्या ब्रशने क्लिक करा. पण सोर्सची, म्हणजे ठिपका झाकायला तुकडा जिथून उचलला जातो ती जागा हाताने हलवू नका हं, ती आपोआप निवडलेली असली तर Sync केल्यावर प्रत्येक फोटोत नव्याने शोधली जाते. मग बाकीचे फोटो सिलेक्ट करून Sync, आणि यादीत फक्त स्पॉट काढण्याचाच पर्याय टिक ठेवा, नाहीतर एक्स्पोजर वगैरेही सगळीकडे जाईल.

नंतर सगळे फोटो एकदा चाळाच. आकाशाच्या जागी झाडाची फांदी किंवा कुणाचा चेहरा आला असेल तर तिथे भलताच तुकडा चिकटतो, तेवढा स्पॉट डिलीट करायचा. मधेच लेन्स बदलली असेल तर धूळ हललेली असू शकते, तिथून पुढचा गठ्ठा वेगळा करा.