रोज एक रानभाजी की आठवड्याला तीन रील?

मॅडम, मी साताऱ्यात बी.एस्सी. बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इन्स्टाग्रामवर रानभाज्या आणि रानफुलांची ओळख करून देते. सध्या रोज एक फोटो आणि तीन-चार ओळी टाकते. मैत्रीण म्हणते, रोज नको, आठवड्याला तीन नीट रील कर. पण रोज टाकलं नाही तर लोक विसरतील असं वाटतं. उलट हल्ली जुन्या फॉलोअर्सचे लाइक्स कमी झालेत, म्हणजे कंटाळलेत का? मीही थकते. परवा घाईत कुर्डूच्या कोवळ्या पानांना माठ म्हणून मोकळी झाले. पुढे याच क्षेत्रात काम करायचं आहे. काय करू?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या विषयाला आठवड्याला तीन हाच आकडा बरा, असं माझं मत आहे. पण मैत्रीण सांगते म्हणून नको. आधी हिशेब मांडून बघ.

रोजची पोस्ट वीस मिनिटांत होते असं तुला वाटत असेल. एक आठवडा घड्याळ लावून वेळ लिहून ठेव. फोटो निवडणं, नाव पुस्तकात पडताळणं, ओळी लिहिणं आणि ‘ताई, ही आमच्याकडे पण येते का?’ अशा प्रश्नांना उत्तरं देणं, हे सगळं धरलं तर पाऊण तास सहज जातो. म्हणजे आठवड्याला पाच तासांच्या वर. एका चांगल्या रीलला दोन ते अडीच तास धरले तर तीन रीलना सात तास लागतात. नुसत्या तासांत पाहिलं तर रोजचं स्वस्त पडतं. तरीही दमवतं तेच. कारण रील एकगठ्ठा करता येतात: रविवारी फिरून चित्रीकरण, मधल्या दोन संध्याकाळी कापाकापी आणि आवाज. रोजच्या पोस्टला मात्र रोज संध्याकाळी ‘आज काय?’ हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो, आणि तोही प्रॅक्टिकलचं जर्नल समोर पडलेलं असताना. कुर्डूचा माठ झाला तो अशाच एखाद्या संध्याकाळी, नाही का? खाण्याच्या वनस्पतींच्या ओळखीत घाई परवडत नाही. फोटोखालची ओळ नंतर दुरुस्त करता येते, पण ती आधीच पुढे पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधली चूक तशीच फिरत राहते.

आता लोकांच्या कंटाळ्याकडे येऊ. इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. तू सात पोस्ट टाकल्यास म्हणून फॉलोअरला सातही दिसतात असं नाही. त्याने आधी कशावर बोट थांबवलं, काय पुढे पाठवलं यावरून त्याच्यापुढे काय यायचं ते ठरतं. म्हणून ‘रोज टाकलं नाही तर विसरतील’ ही भीती अर्धीच खरी. ओळीने चार पोस्ट त्याने न बघता वर सरकवल्या तर पाचवी, चांगली असली तरी, त्याच्यापर्यंत पोचायची शक्यता कमी होते. दुसरं म्हणजे, कंटाळा येतो तो ओळखीच्या माणसाला. ज्याने तुला कधी पाहिलंच नाही तो कशाला कंटाळेल? त्यामुळे एकूण व्ह्यूज वाढत असतानाही जुनी मंडळी निसटत असू शकतात, आणि एकूण आकड्यात ते झाकलं जातं.

म्हणून एकूण आकडा सोड. प्रोफेशनल खातं असेल तर इनसाइट्समध्ये प्रत्येक पोस्टचे व्ह्यूज फॉलोअर आणि नॉन-फॉलोअर असे वेगळे दिसतात. सेव्ह आणि शेअर पोस्टनिहाय दिसतात, अनफॉलो किती झाले ते खात्याच्या पातळीवर कळतं. फॉलोअरकडून येणारे व्ह्यूज आठवड्यामागून आठवडा घसरतायत आणि अनफॉलो वाढतायत, असं दोन्ही एकदम दिसलं तर तो कंटाळा. फक्त लाइक्स घटले आणि सेव्ह टिकून असतील तर घाबरू नकोस. रानभाजीची पोस्ट लोक बाजारात किंवा रानात उघडून बघायला ठेवतात, तिथे लाइक कोण करत बसणार? म्यूट केलेलं मात्र तुला कुठेच दिसणार नाही, तेवढी फट या मोजमापात राहतेच.

तुलना करताना महिनाभर हे आणि मग महिनाभर ते, असं करू नकोस. जुलै-ऑगस्टमध्ये रानभाजीला गिऱ्हाईक असतं, ऑक्टोबरनंतर तोच विषय थंडावतो. मग फरक पोस्टमुळे पडला की पाऊस संपल्यामुळे, हे कळणार नाही. दोन आठवडे रोज, दोन आठवडे तीन, आणि हीच जोडी पुन्हा एकदा. प्रत्येक पोस्टचे आकडे ती टाकल्यापासून सात दिवसांनी लिही, नाहीतर जुनी पोस्ट उगाच मोठी दिसते. सरासरीही काढू नकोस. एखादी रील कुठेतरी उचलली गेली की सरासरी बिघडते, म्हणून आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घे.

समजा रोजच्या पोस्टला सेव्ह आणि शेअर मिळून मधला आकडा १५ आला. आठवड्याचे साधारण १०५, सव्वापाच तासांत, म्हणजे तासाला २०. तीन रीलचा मधला आकडा ५० आला तर आठवड्याचे १५०, सात तासांत, म्हणजे तासाला २१. हा फरक जवळजवळ नाहीच. अशा वेळी निर्णय तुझ्या शक्तीवर आणि चुकीच्या शक्यतेवर घ्यायचा, आणि तिथे तीनचं पारडं जड आहे. रोजचा आकडा तासाला ३०-३५ निघाला तर माझं ऐकू नकोस, रोजच टाक.

रोजची पोस्ट शोभते ती वाचणाऱ्याची गरजच रोजची असते तिथे: बाजारभाव, स्पर्धा परीक्षेच्या चालू घडामोडी. टाकळा मात्र एकदा नीट ओळखता आला की झालं. भक्कम पोस्ट म्हणजे काय ते टाकळ्यावरूनच बघ. शेजारी रानटाकळा, म्हणजे कासविंदा, ठेव. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या आणि टोकं बोथट. कासविंद्यात जोड्या चार-पाच आणि टोकं अणकुचीदार. कासविंद्याच्या बिया मुलांना विषारी ठरल्याचं उत्तर भारतात नोंदलेलं आहे. दोन्ही हातात धरून, पर्णिका मोजून दाखवायला मिनिटभराची रील हवी, आणि दोन झाडं दोन ठिकाणी शोधायला अर्धी सकाळ. हे एका फोटोत आणि तीन ओळींत मावत नाही. हर्बेरियमसाठी नमुने गोळा करशील तेव्हाच हे चित्रीकरण करून घे, फेरी वाचेल.

रोज काही दाखवण्याची हौस स्टोरीत भागव: रस्त्याकडेला दिसलेलं फूल, ‘ओळखा पाहू’. चोवीस तासांत ती जाते, तिच्यासाठी आवाज-कापाकापी लागत नाही. पण वनस्पती खायची असेल तर नावाची खात्री होईपर्यंत स्टोरीतही नाव लिहू नकोस.

परीक्षेच्या दिवसांसाठी सप्टेंबरातच सहा रील तयार करून ठेव आणि तेव्हा आठवड्याला एकच सोड. एम.एस्सी.ला किंवा एखाद्या संस्थेत सर्वेक्षणाच्या कामाला अर्ज करशील तेव्हा खात्याचा नुसता दुवा देऊ नकोस. टाकळ्यासारख्या पाच-सहा पोस्ट निवड, प्रत्येकीसोबत शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख आणि ओळख कशावरून पटवली ते दोन ओळींत लिही. कुर्डूची दुरुस्तीही त्यात घाल. सर्वेक्षणाच्या कामात चूक नोंदवून ठेवणारा माणूस लागतो.