‘साईझ लहान’ या एका कारणामागे दोन दुखणी होती

रिटर्नची शीट बघितली काल रात्री. तू मेसेजमध्ये लिहिलंस की ऑनलाइन विकलेल्या टॉप्सच्या २०० ऑर्डरमधून २६ परत आले, आता फोटो नवीन काढू का. थांब जरा, फोटोंना हात लावू नकोस.

मी पहिलं काय केलं तर ती २६ ची बेरीज मोडली आणि साईझप्रमाणे वेगळी केली. L साईझचे ४० विकले गेलेत, त्यातले १४ परत. बाकी सगळ्या साईझ मिळून १६० विकले, परत आले फक्त १२. म्हणजे दुखतंय एकाच ठिकाणी, आणि तुझा उपचार चाललेला सगळ्या अंगाला 😄 नुसता परत आलेल्यांचा आकडा बघून हे कधीच कळत नाही, विकले किती त्याने भागायलाच लागतं. आणि एक, पत्ता सापडला नाही म्हणून न उघडता परत आलेली पार्सलं यात धरायची नाहीत, त्यात टॉपचा काय दोष.

आता त्या १४ ची कारणं. ९ जणांनी ‘साईझ लहान’ निवडलंय, ३ जणांनी ‘क्वालिटी खराब’, दोघांनी ‘आता नको’. ते दोन सोडून दे, त्यावर तुझ्याकडे इलाज नाही. पण बाकीच्या कारणांवर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस हं, माणूस घाईत असतो, यादीत जे जवळचं वाटेल त्यावर बोट ठेवतो आणि मोकळा होतो. खरं काय ते खालच्या कॉमेंटमध्ये असतं. ‘क्वालिटी’वाल्या तिघांतल्या दोघांनी लिहिलंय की काखेत उसवला. काखेत टॉप उसवतो कधी? घट्ट बसतो तेव्हा. (तिसऱ्याचं बटण सैल होतं, ते खरंच क्वालिटीचं.)

म्हणून तर तुला परत आलेले पीस टेबलावर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायला लावलं. L चं माप ५१ सेंटीमीटर यायला हवं. तू पाठवलेल्या मापांत ५ पीस ४९ चे निघाले, त्यात ते उसवलेले दोन्ही आले. ‘साईझ लहान’वाले उरलेले ६ मात्र बरोब्बर ५१.

म्हणजे तक्रार एकच दिसतेय पण दुखणी दोन आहेत.

४९ वाले शिलाईत बिघडलेत. शिवताना कापड कडेने सेंटीमीटरभर जास्त आत घेतलं गेलं, पुढचा भाग मागचा भाग आणि दोन्ही बाजू मिळून घेरात ४ सेंटीमीटर गेले की! एक पीस उलटा करून आतली शिलाईची कड बघ, चांगल्या पीसपेक्षा रुंद दिसेल. याला वर्णन कितीही सुधारलंस तरी उपयोग नाही. पॅक करायच्या आधी प्रत्येक गठ्ठ्यातून प्रत्येक साईझचे ५ पीस मोजायचे, वरचेच उचलायचे नाहीत, मधून खालून पण काढायचे, आणि एकात जरी १ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर तो अख्खा गठ्ठा मोजायचा. गठ्ठ्यात एखादाच चुकलेला असेल तर यातूनही निसटेल, ते धरून चाल. पण गठ्ठ्याचा नंबर पाकिटावर टाकत जा म्हणजे परत आल्यावर कुठल्या गठ्ठ्यातला ते कळेल.

५१ वाल्यांत टॉप बरोबर आहे, आपलं लिहिणं चुकलंय. चार्टमध्ये ‘छाती १०२’ असं लिहिलंय. ते कपड्याचं माप आहे, पण घेणारा स्वतःच्या छातीला टेप लावतो, १०२ भरली की L मागवतो. हे कापड ताणत नाही, त्यात ८-१० सेंटीमीटर तरी सैल जागा लागते, म्हणजे हा L ९२ ते ९४ छातीच्या माणसाला ठीक. तेव्हा चार्टमध्ये दोन वेगळे कॉलम कर, ‘तुमच्या छातीचं माप’ आणि ‘टॉपचं माप’, आणि वर एक ओळ टाक की कापड ताणत नाही, दोन साईझच्या मध्ये असाल तर मोठा घ्या. L ची विक्री थोडी XL कडे सरकेल, सरकू दे.

हे बदल केलेली तारीख लिहून ठेव. लगेच पुढच्या आठवड्यात आकडा कमी दिसला म्हणून नाचू नकोस, नवीन ऑर्डरींची परत करायची मुदत संपलेलीच नसते, म्हणून तो आकडा कमीच दिसतो. तारखेनंतरचे L चे आणखी ४०-५० विकले जाऊदेत, त्यांची मुदत संपूदे, मग मोज. १४ चे ११ झाले तर तो योगायोग पण असू शकतो, ४-५ वर आले तर मानू. आणि तोवर फोटो, किंमत तशीच ठेव, नाहीतर कशाने फरक पडला ते तुलाच सांगता येणार नाही.

आणि हो, पुढच्या वेळी शीट पाठवताना जागा वाचवायला म्हणून कॉमेंटचा कॉलम उडवू नकोस, यावेळी तो मला वेगळा मागून घ्यावा लागला.