स्वतःची बाईक विकताना ४८ हजार कमी वाटतात, तीच दुसऱ्याची असती तर ३२ च्या वर दिले नसते. असं का?

प्रश्न : कोल्हापुरात राहतो. ७८ हजारांना नवी काढलेली १२५ सीसी बाईक आता आठ वर्षांची झाली. एमएच ०९ पासिंग, एकच मालक. ४८ हजारांच्या खाली द्यायला मन होत नाही. एक गिऱ्हाईक ३४ म्हणालं तर राग आला. पण खरं सांगायचं तर अशीच गाडी दुसऱ्याची असती तर मी ३२ च्या वर गेलो नसतो. हा फरक नेमका कुठून येतो? आणि विकायची तर किंमत धरायची किती?

उत्तर :

या १६ हजारांच्या दरीला वर्तनवादी अर्थशास्त्रात ‘एन्डोमेंट इफेक्ट’ म्हणतात. हे नाव रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये दिलं. वस्तू आपली झाली की ती सोडताना जे मागतो, ते ती मिळवण्यासाठी दिले असते त्यापेक्षा बरंच जास्त निघतं. बहुतेकांना वाटतं की हा लोभ आहे, किंवा घासाघिशीसाठी मुद्दाम चढवलेला आकडा आहे. तसं असतं तर जिथे घासाघीसच नाही तिथे दरी दिसली नसती. ती तिथेही दिसते.

डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये छापलेल्या प्रयोगांत हे नीट तपासलं आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका वर्गात ४४ विद्यार्थी होते. त्यातल्या निम्म्यांना विद्यापीठाचं चिन्ह असलेला कॉफीचा मग दिला. दुकानात तो ६ डॉलरला मिळत होता. कुणाला मग मिळाले ते केवळ योगायोगाने ठरलं होतं, त्यामुळे मग आवडणारे दोन्हीकडे सारखेच असणार. म्हणजे बाजार मांडल्यावर २२ पैकी सुमारे ११ मग हात बदलायला हवे होते. चार फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत १ ते ४ सौदेच झाले. मगवाले साधारण सव्वापाच डॉलर मागत होते, बाकीचे सव्वादोन ते पावणेतीनच्या वर जात नव्हते. त्याच वर्गात आधी टोकनांचा बाजार मांडला होता. ‘हे टोकन परत केलंस की तुला इतके डॉलर’ असा ठरलेला भाव प्रत्येकाला दिला होता. तिथे सौदे अपेक्षेइतके झाले. म्हणजे मुलांना बाजार कसा चालतो हे कळत होतं. हातातला मग सोडायची वेळ आली तेव्हाच अडलं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र त्यांच्या पुढच्या प्रयोगात आहे. सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या ७७ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला मग देऊन विचारलं, कितीला विकाल? दुसऱ्याला विचारलं, कितीला घ्याल? तिसऱ्याला ना मग दिला, ना खिशातले पैसे काढायला सांगितले. त्यांना फक्त एकेका आकड्यापुढे खूण करायची होती : मग हवा की एवढे रोख? नीट पाहिलं तर पहिला आणि तिसरा गट शेवटी एकाच ठिकाणी येतात. दोघेही घरी जाताना एकतर मग नेणार किंवा रोख रक्कम. दोघांपुढचा व्यवहार पैशापैशाने सारखा. तरी मधले आकडे असे आले : विकणारे ७.१२ डॉलर, निवडणारे ३.१२, विकत घेणारे २.८७.

निवडणारा घेणाऱ्याच्या शेजारी बसला, विकणाऱ्याच्या नाही. म्हणजे पैसे खर्चायचं जिवावर येतं म्हणून ही दरी पडते असं नाही. जवळजवळ सगळी दरी विकणाऱ्याच्या बाजूची आहे. त्याला मग ‘जातोय’ असं वाटतं, आणि गेलेल्या वस्तूचं दुःख तेवढ्याच मिळालेल्या वस्तूच्या आनंदापेक्षा मोठं असतं. तुमच्या बाबतीत ३२ हा आकडा निवडणाऱ्याच्या जवळचा आहे, ४८ हा मालकाचा.

याला जोडून दुसरं एक कारण आहे, आणि जुन्या गाडीत ते जास्त छळतं. विकताना माणूस मनात एक भाव धरून बसतो आणि त्याखाली गेलं की आपण फसलो असं त्याला वाटतं. मगच्या बाबतीत तो भाव दुकानातला ६ डॉलरचा होता. तुमच्या मनात ७८ हजार आहेत. वर दोन टायर, बॅटरी, मागच्या वर्षीचं क्लच प्लेटचं काम हेही तुम्ही मिळवत असणार. ३४ ऐकून राग आला तो याच हिशेबाने. गिऱ्हाइकाच्या डोक्यात मात्र ७८ कधी आलेच नाहीत. त्याच्या डोक्यात तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या दुसऱ्या गाड्या आहेत.

आता किंमत कशी काढायची ते. ‘कितीला विकू?’ हा प्रश्न स्वतःला विचारलात की मालकाचाच आकडा येणार. त्याऐवजी तिसऱ्या गटात जाऊन बसा. गाडी अंगणात उभी असताना हे अवघड जातं, म्हणून असं धरा : गाडी काल रात्री गेली. भरपाईचे रोख पैसे आज हातात आले. आणि नेमकी तुमचीच गाडी, त्याच मीटरची, त्याच ओरखड्याची, कुणीतरी दारात विकायला आणली आहे. गाडी जायची ती जाऊन बसली, आता फक्त निवड उरली.

एका कागदावर २८ ते ५० हजारांपर्यंत दोन-दोन हजारांनी आकडे लिहा. प्रत्येकापुढे एकच शब्द : ‘गाडी’ किंवा ‘रोख’. ‘बघू’ लिहायचं नाही. वरून खाली एकदा आणि दुसऱ्या दिवशी खालून वर एकदा करा, कारण ज्या टोकापासून सुरुवात करता त्याचा परिणाम उत्तरावर होतो. समजा पहिल्या दिवशी ३८ पासून ‘रोख’ आलं आणि दुसऱ्या दिवशी ३६ पासून. मग गाडीची तुमच्यापुरती किंमत ३६ च्या आसपास आहे. ४८ मधले उरलेले १२ हजार हे सोडण्याचं दुःख आहे. ते खोटं नाही, पण त्याचे पैसे कोणी देणार नाही.

इथे लोक कुठे चुकतात तेही सांगतो. खूण करताना ‘पण माझी गाडी चांगली राखलेली आहे’ म्हणून आकडा चढवतात. यातला काही भाग रास्त असतो. मालकाला गाडीचा इतिहास माहीत असतो, परक्याला नसतो, आणि न कळलेल्या दोषाच्या भीतीने तो भाव पाडतो. ही माहितीची दरी आहे, मालकीची नाही, आणि ती भरून काढता येते. ओळखायचं कसं? ती गोष्ट गिऱ्हाइकाला दाखवता येते का ते बघा. सर्व्हिसिंगची बिलं, त्याच्या पसंतीच्या मेस्त्रीकडून तपासणी, सकाळी थंड इंजिन पहिल्या किकला सुरू होणं, हे सगळं दाखवता येतं आणि त्याचे पैसे मिळतात. पहिल्या पगारात काढली, पन्हाळ्याला कितीदा नेली, हे दाखवता येत नाही. टायर चार महिन्यांपूर्वी घातले असतील तर थोडे पैसे सुटतील. क्लच प्लेटचे सुटणार नाहीत, कारण क्लच चालणं हे गिऱ्हाईक गृहीतच धरतं.

दुसरी चूक म्हणजे ऑनलाइन जाहिरातींवरून भाव ठरवणं. तिथले आकडे मागणीचे असतात, झालेल्या सौद्याचे नाही. ते तुमच्यासारख्याच मालकांनी लिहिलेले असल्यामुळे तुमच्या ४८ ला तिथे खोटा दुजोरा मिळतो. जी जाहिरात दोन महिने तशीच आहे, तिचा भाव हा बाजारभाव नाही एवढंच ती सांगते. त्यापेक्षा शहरातल्या तीन जुन्या गाड्यांच्या दुकानात जाऊन ‘घ्याल कितीला’ विचारा, आणि त्याच दुकानांत तशीच गाडी शेवटी कितीला सुटेल तेही विचारा. समजा घेण्याचे भाव ३०, ३१, ३२ आले आणि देण्याचा ४० आला. परस्पर गिऱ्हाईक या दोहोंच्या मध्ये मिळतं, म्हणजे ३४ ते ३८. मग मागणी ३९ ची ठेवा आणि ३६ च्या खाली उतरू नका. ३४ वालं गिऱ्हाईक तुमचा अपमान करत नव्हतं, ते पट्ट्याच्या खालच्या कडेवर उभं होतं.

अडून बसण्याचीही किंमत असते. बोस्टनमधल्या फ्लॅटविक्रीवर जेनेसोव्ह आणि मेयर यांनी २००१ मध्ये काम छापलं. ज्यांचा फ्लॅट खरेदीच्या भावाखाली जात होता, त्यांनी मागणी चढी ठेवली, थोडा जास्त भाव मिळवलाही, पण त्यांची घरं विकायला जास्त वेळ लागला. घराचं ठीक आहे. बाईक मात्र उभी राहिली की बॅटरी उतरते आणि जानेवारी उलटला की गाडी एका वर्षाने जुनी मोजली जाते. आठ वर्षांच्या गाडीला हे लागतं, कारण नोंदणीची १५ वर्षं गिऱ्हाईकही मोजत असतं.

आता हा परिणाम कुठे दिसत नाही? जो वस्तू विकण्यासाठीच बाळगतो त्याच्याकडे. शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे सौद्यात काढणारा अडत्या रवा गेला म्हणून हळहळत नाही, कारण त्याच्या लेखी रवा म्हणजे अजून न आलेले पैसे. जॉन लिस्ट यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या खेळाडूंच्या कार्डांच्या बाजारात हेच मोजलं. नवखे संग्राहक हातातली वस्तू तेवढ्याच तोलाच्या दुसऱ्या वस्तूशी क्वचितच बदलत, मुरलेले व्यापारी मात्र जवळपास निम्म्या वेळा बदलत. आणखी एक बाब सांगायला हवी. प्लॉट आणि झायलर यांनी २००५ मध्ये दाखवलं की भाव सांगण्याची पद्धत नीट समजावली आणि आधी सराव करून घेतला, तर मगच्या बाबतीतली दरी जवळजवळ नाहीशी होते. म्हणून काही अभ्यासकांना ही सगळी दरी मालकीची वाटत नाही. तुमच्यासाठी यातून निघतं ते इतकंच की कागदावरची खूण दोनदा करा. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळचा आकडा भरवशाचा.

आणि समजा दोन्ही दिवशी ४४ पुढेही ‘गाडी’ असंच लिहिलंत. मग हा एन्डोमेंट इफेक्ट नाही. रोज गांधीनगरला कामावर जायला दुसरं काही नाही, किंवा ४० हजारांत याहून बरी गाडी मिळणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, अशी कारणं असतील. त्या स्थितीत गाडी विकू नका, वापरा.

विकलीत तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय चावी देऊ नका, आणि आरटीओत नाव बदलल्याची खात्री स्वतः करून घ्या. कागद तुमच्या नावावर राहिले तर पुढच्या अपघाताची नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते.