फाइंडिंग कळवताना माणूस नको, मायक्रोमीटर लिहा

ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी, म्हणजे फाइंडिंग, कळवताना बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीनशॉपला 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलंत, की उत्तर ठरलेलं: 'ऑपरेटरला समज दिली.' पुढच्या ऑडिटला तेच फाइंडिंग पुन्हा.

त्यापेक्षा दिसलं तेवढंच लिहा: '०-२५ मिमी मायक्रोमीटर, कॅलिब्रेशनची मुदत ३१ मार्चला संपलेली, १८ एप्रिलला लेथवर वापरात. तुमच्या कार्यपद्धतीनुसार असं उपकरण बाजूला काढायचं असतं.'

मग मागणी. दोन दिवसांत तो मायक्रोमीटर स्लिप गेजवर तपासून रीडिंग कळवावं. चूक निघाली तर मागच्या कॅलिब्रेशननंतर त्यावर मोजलेला सगळा माल संशयित धरायचा. नवखे इथंच चुकतात, फक्त १ एप्रिलपासूनचा माल धरतात. कारण आणि उपाय पंधरा दिवसांत मागा, पण प्रश्न असा ठेवा: 'मुदत संपल्याचं कुणाला, कसं कळायला हवं होतं?'

आणि मेल टाकण्याआधी मालकांना फोन कराच.