मधल्या प्लॅनचे सत्तर टक्के

भाऊ, कृषी केंद्रांसाठीच्या तुझ्या बिलिंग अ‍ॅपच्या तीन प्लॅनपैकी मधलाच सत्तर टक्के ग्राहक घेतात, पण म्हणून किमतींना सध्या हात लावू नकोस. आधी आकडे नीट वाच.

मधला प्लॅन का खपतो? स्वस्तात काही कमी पडेल, महागात पैसे वाया जातील, म्हणून गिऱ्हाईक मध्ये थांबतं. मार्केटिंगचे संशोधक इटामार सायमनसन यांनी 1989 मध्ये हा परिणाम मांडला. पण बऱ्याचदा कारण साधं असतं: गरजेची गोष्ट तूच मधल्यात ठेवलेली असते. चोपडा गावातल्या दुकानदाराला उधारीचं खातं लागतंच, आणि 299 रुपयांच्या खालच्या प्लॅनमध्ये ते नाही. मग तो निवडतोय कुठे?

म्हणून मधल्यातले किती जण उधारीचं खातं खरंच उघडतात ते बघ. फारच थोडे उघडत असतील, तर बाकीचे नुसते मध्ये थांबलेत; नूतनीकरणाला खाली उतरू शकतात.

नुसती डोकी मोजू नकोस. समज, 100 ग्राहक: 299 वर 20, 599 वर 70, 1,499 वर 10. महिन्याला 62,900 रुपये. त्यात वरच्या दहांचेच 14,990, म्हणजे जवळपास चोवीस टक्के. ‘कोणी घेत नाही’ म्हणून वरचा प्लॅन काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक. तो गेला की 599 हाच महागडा दिसायला लागतो.

आणि जुने-नवे एकत्र मिसळू नकोस. खरिपाआधी आलेल्यांचं प्रमाण वेगळं काढ. नव्यांची निवड बदलली तरी जुन्यांच्या गर्दीत एकूण टक्के बरेच महिने हलत नाहीत. मात्र महिन्याला वीसच नवे येत असतील, तर दोघांच्या फरकानेही दहा टक्के हलतात. तेवढ्यावरून काही ठरवू नकोस.